गाळप हंगामाआधी क्लायंटला सांगायचं कसं : काम वेळेत होणार नाही हे दिसू लागल्यावरचे पहिले दहा दिवस

साखर कारखान्याच्या सॉफ्टवेअरची तारीख आपल्या हातात नसते. हंगाम कधी सुरू करायचा हे मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालच्या मंत्री समितीच्या बैठकीत ठरतं, साखर आयुक्तालयाकडून गाळप परवाना मिळतो, दसऱ्याच्या आसपास बॉयलरचं अग्निप्रदीपन होतं आणि एके दिवशी उसाची पहिली मोळी पडून गाळप सुरू झालं की गाड्यांची रांग लागते. त्या दिवशी वजनकाट्यावर पावती निघालीच पाहिजे. ‘अजून पंधरा दिवस द्या’ म्हणायला तिथे कुणी मोकळं नसतं.

मी गेली बरीच वर्षं अशा कामांचं नियोजन पाहतो. एका हंगामात मी धोका उशिरा सांगितला होता, मोळी पडायच्या दहा दिवस आधी. तोवर कारखान्यापुढे एकच वाट उरली होती : आहे तशा माहितीवर सुरू करायचं. पहिल्या पंधरवड्याच्या बिलात शेकडो शेतकऱ्यांचे पैसे चुकीच्या खात्यामुळे परत आले आणि कारखान्याच्या गावोगावच्या गट ऑफिसच्या दारात माणसं उभी राहिली. त्यानंतर मी स्वतःसाठी एक पद्धत बसवली. ती इथे एका दुसऱ्या कामाच्या आधारे लिहितो. कारखाना ओळखू येऊ नये म्हणून आकडे थोडे सरसकट केले आहेत, हिशेब मात्र तसाच आहे.

काम काय होतं

एका सहकारी कारखान्याची जुनी यंत्रणा काढून नवी बसवायची होती : ऊस नोंद, तोडणी-वाहतूक, काटा, ऊस बिल. हंगाम १ नोव्हेंबरच्या सुमारास धरला होता. काट्यावरची रंगीत तालीम १५ ऑक्टोबरपासून, म्हणजे शेतकऱ्यांची सगळी माहिती १० ऑक्टोबरपर्यंत नव्या यंत्रणेत तपासून हवी. एकूण १८,००० शेतकरी. त्यांपैकी ११,५०० नोंदी आपोआप नीट उतरल्या. उरलेल्या ६,५०० नोंदी माणसाने एकेक उघडून पाहाव्या लागणार होत्या.

त्या का अडल्या हे समजलं नाही तर पुढचं काहीच समजणार नाही. जुन्या यंत्रणेत मराठी नावं युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली होती. अशा फॉन्टमध्ये अक्षरं बोलण्याच्या क्रमाने साठवलेली नसतात, दिसण्याच्या क्रमाने साठवलेली असतात. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी दिसते म्हणून आधी साठवली जाते, रफार शेवटी टाइप केला म्हणून शेवटी. रूपांतर करताना हा क्रम फिरवला नाही तर ‘शिंदे’चं ‘िशंदे’ होतं आणि ‘सूर्यवंशी’चं ‘सूयर्वंशी’. आमचा प्रोग्राम क्रम फिरवत होता, पण जुन्या नोंदींत दोन वेगवेगळे फॉन्ट निघाले आणि कुठल्या नोंदीला कुठला, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं.

पहिली पायरी : टक्के सोडा, वेग मोजा

१८ ऑगस्टच्या आमच्या आढाव्यात ‘डेटा ६८ टक्के झाला’ अशी ओळ होती. ती खोटी नव्हती, पण तिने काहीच कळत नव्हतं. सोपं आधी होतं आणि अवघड मागे उरतं, त्यामुळे टक्केवारी नेहमी खरं चित्र आहे त्यापेक्षा बरं दाखवते. विचारायचे प्रश्न तीनच. गेल्या दोन आठवड्यांत प्रत्यक्ष किती झालं? किती उरलं? हाताशी कामाचे दिवस किती?

गेल्या १२ कामाच्या दिवसांत ८४० नोंदी तपासून झाल्या होत्या, म्हणजे दिवसाला ७०. उरल्या ५,६६०. या वेगाने ८१ दिवस लागणार होते. १० ऑक्टोबरपर्यंत रविवार आणि गणपतीच्या सुट्ट्या वगळून दिवस होते ४०. चाळीस दिवसांत २,८०० नोंदी झाल्या असत्या, म्हणजे निम्म्याहून जास्त तशाच राहिल्या असत्या.

इथे मोह होतो की पुढच्या आठवड्यात वेग वाढेल, मग बघू. वेग वाढण्याचं ठोस कारण हातात असेल, म्हणजे माणूस रुजू झालाय किंवा प्रोग्रामची चूक सापडलीय, तर आठवडा थांबा. नसेल तर थांबू नका. गरजेच्या वेगाच्या निम्म्याने दोन आठवडे काम चाललं असेल, तर माझ्या अनुभवात ते आपोआप सावरत नाही.

दुसरी पायरी : कारणं वेगळी करा, आपलं आधी ठेवा

आमच्याकडे तीन कारणं निघाली. पहिलं आमचं स्वतःचं. अंदाज बांधताना आम्ही २०० नोंदींचा नमुना तपासला होता, पण तो यादीच्या शेवटून, म्हणजे अलीकडच्या सभासदांचा घेतला होता. दोनपैकी जुना फॉन्ट त्यात आलाच नाही. दुसरं कारखान्याकडचं. शेतकी खात्याने तीन क्लार्क द्यायचं ठरलं होतं, मिळाला एक, कारण बाकीचे दोघं लागवड नोंदीसाठी शिवारात फिरत होते. तिसरं कुणाचंच नाही. सरकारी बँकांचं विलीनीकरण झालं, सिंडिकेट बँक कॅनरा बँकेत गेली, देना आणि विजया बँक ऑफ बडोदात, आणि या शाखांचे आयएफएससी कोड बदलले. जुन्या यंत्रणेत कित्येक खात्यांसमोर जुनेच कोड होते.

कारण लिहिताना माणसाचं नाव नको, घडलेली गोष्ट आणि तारीख हवी. ‘शेतकी खात्याने सहकार्य केलं नाही’ या वाक्याने बैठक तिथेच संपते, पुढे फक्त बचाव सुरू होतो. ‘तीनपैकी एक क्लार्क ४ ऑगस्टपासून मिळाला, दोघं लागवड नोंदीवर आहेत’ हे वाचून कुणाला राग येत नाही आणि काय करायचं तेही दिसतं. आपलं कारण पहिलं लिहायचं ते नम्रता म्हणून नव्हे. ते दुसऱ्या क्रमांकावर गेलं की वाचणारा उरलेला कागद संशयाने वाचतो.

तिसरी पायरी : प्रत्येक पर्यायाची शेवटची तारीख काढा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा असं मला वाटतं. पर्याय कायम उघडे नसतात, प्रत्येकाला एक दिवस असतो ज्यानंतर तो बंद होतो. धोका ‘लवकर’ सांगितला की ‘उशिरा’, हे त्यावरूनच ठरतं : पहिला पर्याय बंद व्हायच्या आत सांगितला तर लवकर.

पहिला पर्याय उघड होता, ठरलेले तिन्ही क्लार्क मिळवायचे. दिवसाला २१० नोंदी, ५,६६० ला २७ दिवस. चाळीसातून सत्तावीस वजा केले की तेरा उरतात, म्हणजे २ सप्टेंबरच्या आसपास तिघंही बसलेले हवेत. त्यानंतर हा पर्याय कागदावरच राहतो.

दुसरा पर्याय, हा हंगाम जुन्या यंत्रणेवर काढायचा आणि नवी पुढच्या वर्षी सुरू करायची. याला कमीपणा समजू नये, काही वेळा हेच शहाणपण असतं. पण जुन्या यंत्रणेतही नव्या हंगामाचे दर, वाहतुकीचे टप्पे, तोडणी टोळ्यांचे करार भरायला तीन आठवडे लागतात. म्हणजे हा निर्णय ३० सप्टेंबरच्या आत व्हायला हवा.

तिसरा पर्याय आम्हाला लगेच दिसला नाही, तो ऊसशेतीतूनच सापडला. सगळ्या शेतकऱ्यांची माहिती पहिल्या दिवशी लागतच नाही. तोडणीचा कार्यक्रम लागवडीच्या तारखेवर चालतो. आडसाली ऊस आधी तुटतो, मग पूर्वहंगामी, मग सुरू हंगामातला आणि खोडवा. ऊस नोंदीची यादी लागवडीच्या तारखेने लावली तेव्हा दिसलं की अडलेल्या ५,६६० पैकी पहिल्या ४५ दिवसांत ज्यांचा ऊस यायचा ते फक्त १,९०० आहेत. त्यांना आधी हात घातला आणि एक जादा क्लार्क मिळाला, तर दिवसाला १४० च्या वेगाने चौदा दिवसांत ते संपतात. तोच वेग टिकला तर १० ऑक्टोबरला एकूण सातशेच्या आसपास नोंदी उरतात, आणि त्या अशा शेतकऱ्यांच्या की ज्यांचा ऊस डिसेंबरनंतर येणार.

या पर्यायाची मर्यादा लपवायची नाही. तोडणीचा कार्यक्रम कागदावर असतो तसा शिवारात राहत नाही. ऊस पेटला तर जळीत ऊस क्रम सोडून लगेच आणावा लागतो. म्हणून त्याला एक जोड दिली. काट्यावर पावती निघायला शेतकरी कोड, प्लॉट आणि गाडी नंबर पुरतो. नावाचं शुद्धलेखन आणि बँक खातं बिलाच्या वेळी लागतं. ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ प्रमाणे एफआरपीची, म्हणजे सरकारने ठरवलेल्या किमान ऊस दराची, रक्कम ऊस आल्यापासून १४ दिवसांत द्यायची असते, पुढे वर्षाला १५ टक्के व्याज लागू होतं. म्हणजे क्रम सोडून आलेल्या शेतकऱ्याची नोंद दुरुस्त करायला दोन आठवडे मिळतात. काट्यावर ती नोंद लाल रंगात दिसेल एवढी सोय केली की झालं.

चौथी सूचना आमच्याच एका सहकाऱ्याने केली होती, काट्यावर दोन्ही यंत्रणा एकदम चालवायची. ती ऐकायला सुरक्षित वाटते. दिवसाला ४०० गाड्या आणि प्रत्येक गाडीला दुहेरी नोंदीची दोनच मिनिटं जादा धरली तरी ८०० मिनिटं होतात, तेरा तासांहून जास्त. रांग हायवेवर गेली असती. नाकारलेला पर्यायही कागदावर एका ओळीत कारणासह ठेवावा, कारण बैठकीत कुणीतरी तो काढतोच.

चौथी पायरी : एकच वाट सुचवा

तीन पर्याय समोर टाकून ‘तुम्ही सांगाल तसं’ म्हणणं सभ्य वाटतं, पण क्लायंटने आपल्याला नेमलं ते सल्ल्यासाठी. शिफारस करा आणि तिच्यासोबत तीन गोष्टी लिहा : आम्हाला तुमच्याकडून काय हवं आणि कधीपर्यंत, आम्ही आमच्या खर्चाने काय करणार, आणि कुठल्या दिवशी कुठला आकडा दिसला तर ही वाट सोडायची.

आमच्या बाबतीत हवा होता एक जादा क्लार्क, तोही तोंडी नव्हे, कार्यकारी संचालकांच्या, म्हणजे एमडी साहेबांच्या, लेखी आदेशाने, २८ ऑगस्टपासून. आमच्या खर्चाने आमचा एक माणूस १० ऑक्टोबरपर्यंत कारखान्यावर मुक्कामी राहणार होता, कारण नमुन्याची चूक आमची होती. आणि वाट सोडायचा दिवस २० सप्टेंबर : तोवर १,९०० पूर्ण नसतील तर जुन्या यंत्रणेवर जायचं की नाही हे ठरवायला बसायचं. ३० सप्टेंबरला ती वाट बंद होते, म्हणून मधे दहा दिवस राखले.

पाचवी पायरी : सांगायचा क्रम

हिशेब १८ तारखेला दिसला, १९ ला सकाळी मी फोन केला. पण पहिला फोन एमडी साहेबांना नाही, मुख्य शेतकी अधिकाऱ्यांना. त्यांच्या खात्याचा उल्लेख वरिष्ठांपुढे होणार असेल तर तो त्यांना आधी आपल्याकडून कळला पाहिजे. “साहेब, दोन क्लार्क अजून लागवड नोंदीवर आहेत, हे मला आज एमडी साहेबांना सांगावं लागेल. तुमची अडचण काय आहे ते मी नीट मांडतो. ती नोंद कधी संपेल?” ते म्हणाले, “दोघं नाही जमणार, एक देतो. दुसरा काढला तर नोंदच राहील.” तिसरा पर्याय एका जादा क्लार्कवर बेतला तो या उत्तरामुळे. आधी बोललो नसतो तर मी तिघांची मागणी घेऊन बैठकीला गेलो असतो आणि ती तिथे पडली असती.

एमडी साहेबांशी बोलताना पहिल्या तीस सेकंदांत तीन गोष्टी सांगायच्या : काय होणार नाही, हंगामावर काय परिणाम, कधी भेटायचं. मी साधारण असं बोललो :

“साहेब, शेतकऱ्यांची माहिती आजच्या वेगाने १० ऑक्टोबरपर्यंत पूर्ण होत नाही, बाकी असलेल्यांतल्या निम्म्या नोंदी राहतील. काटा वेळेत सुरू करता येईल अशी एक वाट आहे, पण तिचा निर्णय आठवड्याभरात व्हायला हवा. परवा अर्धा तास द्याल का? कागद उद्या पाठवतो.”

प्रस्तावना नाही, ‘तसं काळजीचं कारण नाही’ नाही. ते वाक्य फार घातक आहे, समोरचा तेवढंच लक्षात ठेवतो. साहेबांनी लगेच विचारलं, “चूक कुणाची?” अशा वेळी लांबड लावू नये. “अंदाजात आमची चूक आहे, साहेब. बाकी दोन कारणं कागदावर आहेत.” पुढे दंडाचा विषय निघाला. करारात उशिराला दंड असेल तर फोनवर ना कबूल करायचा, ना नाकारायचा. “ते करारात आहे, त्यावर वेगळं बसू. आज काट्याचं ठरवू,” एवढंच.

व्हॉट्सॲप ग्रुपवर यातलं काहीही टाकू नका. तिथे बोर्डातली माणसं असतात, अर्धा निरोप पुढे जातो आणि एमडी साहेबांना अध्यक्षांकडून आपल्याच प्रोजेक्टची बातमी कळते.

सहावी पायरी : एका पानाचा कागद

हा कागद मराठीत लिहा, कारण तो संचालक मंडळापुढे वाचला जाऊ शकतो. तांत्रिक शब्द टाळा. आमचा कागद थोडक्यात असा होता :

> विषय : शेतकरी माहितीचं काम वेळेत पूर्ण न होण्याचा धोका
>
> आजची स्थिती : १८,००० पैकी १२,३४० नोंदी तपासून पूर्ण, ५,६६० बाकी. सध्याचा वेग दिवसाला ७०. १० ऑक्टोबरला सुमारे २,८६० बाकी राहतील.
>
> कारणं : (१) आमचा सुरुवातीचा नमुना अपुरा होता. (२) तीनपैकी एक क्लार्क उपलब्ध. (३) बँक विलीनीकरणामुळे जुने आयएफएससी कोड.
>
> पर्याय : (अ) तिन्ही क्लार्क, २ सप्टेंबरच्या आत. (ब) तोडणी क्रमानुसार आधी १,९०० नोंदी, एक जादा क्लार्क. (क) हा हंगाम जुन्या यंत्रणेवर, निर्णय ३० सप्टेंबरच्या आत. दोन्ही यंत्रणा एकत्र चालवणं गाड्यांच्या रांगेमुळे शक्य नाही.
>
> शिफारस : पर्याय ब. त्यासाठी २८ ऑगस्टपासून एक क्लार्क लेखी आदेशाने. आमचा एक माणूस आमच्या खर्चाने कारखान्यावर. २० सप्टेंबरला १,९०० पूर्ण नसतील तर पर्याय क वर पुन्हा बैठक.
>
> निर्णय हवा : २७ ऑगस्टपर्यंत.

बैठकीत ‘बघू, होऊन जाईल’ असं उत्तर आलं तर तो होकार समजू नका, आणि नकारही नाही. त्याच संध्याकाळी दोन ओळी पाठवा : “आज निर्णय झाला नाही. २ सप्टेंबरनंतर पर्याय अ उपलब्ध राहणार नाही, ब साठी वेळ कमी होत जाईल.” सूर दटावणीचा नसावा, नुसती माहिती असावी. आमच्याकडे २१ तारखेच्या बैठकीत असंच झालं. ती दोन ओळींची नोंद गेल्यावर २६ ला आदेश निघाला.

त्यानंतर

दर सोमवारी सकाळी एमडी साहेब आणि शेतकी अधिकारी दोघांना एकच निरोप जायचा : झालेल्या नोंदी, बाकी नोंदी, या आठवड्यात काय अडलं. आकडा वाईट असला तरी त्याच वेळी, त्याच जागी. एखाद्या सोमवारी निरोप चुकला की समोरचा लगेच वाईट अंदाज बांधतो.

जादा क्लार्क २८ ऐवजी १ सप्टेंबरला बसला. २० सप्टेंबरला मोजणी केली तेव्हा १,९०० पैकी १,८१० झाल्या होत्या. नव्वद कमी. ठरल्याप्रमाणे बैठक झालीच. ‘जवळपास झालंच आहे’ म्हणून ती टाळली असती तर त्या नव्वदांत काय आहे हे कुणी पाहिलं नसतं. पाहिलं तेव्हा साठेक नोंदी मयत सभासदांच्या निघाल्या, वारस नोंद झालेली नव्हती, म्हणून खातं कुणाच्या नावाचं घ्यायचं हेच ठरत नव्हतं. ते काम क्लार्क वाढवून होणारं नव्हतं. कागदपत्रं त्या घरांमधून यायची होती आणि जुन्या यंत्रणेवर गेलो असतो तरी हीच अडचण उभी राहणार होती. एमडी साहेबांनी नवी यंत्रणाच चालू ठेवायचा निर्णय दिला, त्या साठ जणांची यादी गट ऑफिसला पाठवली आणि प्रत्येक घरी चिटबॉयला, म्हणजे गावात फिरणाऱ्या कारखान्याच्या माणसाला, जायला सांगितलं. निर्णय त्यांच्या सहीने इतिवृत्तात आला. उरलेल्या तीस नोंदी पुढच्या दोन दिवसांत संपल्या.

१५ ऑक्टोबरला काट्यावर पहिली चाचणी पावती निघाली, रिकाम्या ट्रॅक्टरची. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात एका गावात ऊस पेटला आणि क्रम सोडून अकरा गाड्या आल्या. त्यांतल्या चार शेतकऱ्यांच्या नोंदी काट्यावर लाल दिसल्या. वजन झालं, पावत्या निघाल्या, आणि बिल लागायच्या आत चौघांचीही खाती दुरुस्त झाली.